एक्सएमपी चालू केलं की पीसी अधूनमधून क्रॅश होतो: दोष शोधायचा क्रम

असेंबल केलेले पीसी दुरुस्तीला येतात त्यात ही तक्रार सारखी असते. पीसी चालतो, गेम चालतो, पण मधूनच निळा पडदा येतो किंवा काहीही न सांगता रीस्टार्ट होतो. तोवर विंडोज दोनदा नव्याने टाकून झालेलं असतं, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर बदलून झालेले असतात, कुणीतरी एसएसडीवर संशय घेतलेला असतो. बायोस उघडून बघितलं तर एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवायची सेटिंग, चालू सापडते आणि बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

हे सगळं डीडीआर४ आणि एएम४ बोर्ड, म्हणजे रायझन ३००० आणि ५००० मालिका, डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. आपल्याकडे असे पीसी बरेच वापरात आहेत. डीडीआर५ वाल्यांसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलंय.

## लक्षणं

हा दोष ओळखायची पहिली खूण म्हणजे क्रॅशला ठरावीक जागा नसते. एकदा ब्राउझरचा टॅब पडतो आणि `STATUS_ACCESS_VIOLATION` असं दिसतं. दुसऱ्यांदा गेम डेस्कटॉपवर फेकून देतो. तिसऱ्यांदा निळा पडदा येतो, आणि त्यावरचा कोड दर वेळी वेगळा असतो: `MEMORY_MANAGEMENT`, `IRQL_NOT_LESS_OR_EQUAL`, `PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA`, `SYSTEM_SERVICE_EXCEPTION`. कोड दर वेळी तोच असेल आणि सोबत एकाच ड्रायव्हर फाइलचं नाव येत असेल, तर आधी त्या ड्रायव्हरकडे बघा. कोड बदलत राहिले तर संशय मेमरीवर घ्या.

दुसरी खूण मोठ्या फाइलींत दिसते. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना `CRC failed` येतं, तीच फाइल पुन्हा उघडली तर नीट उघडते. गेम इन्स्टॉल होताना मध्येच फाइल खराब असल्याचं सांगतो. व्हिडिओ एक्सपोर्ट निम्म्यावर थांबतो आणि पुन्हा लावला की पूर्ण होतो. फाइल डिस्कवर खराब असती तर दर वेळी खराबच निघाली असती. ती वाचल्यानंतर मेमरीत एखादा बिट उलटतोय, म्हणून निकाल बदलतो.

तिसरी खूण लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. पीसी चार-पाच दिवस बिनतक्रार चालतो आणि मग एका सकाळी सुरू केल्यापासून दिवसभर त्रास देतो. पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला की परत ठीक. याचं कारण मेमरी ट्रेनिंग. पीसी थंड अवस्थेतून चालू होताना बोर्ड प्रत्येक स्टिकसोबत सिग्नलची वेळ जुळवून घेतो. ही जुळणी दर वेळी हुबेहूब तशीच होत नाही. मुळात वेळेत सवड भरपूर असेल तर हा फरक जाणवतही नाही. पण मेमरी अगदी काठावर चालत असेल तर एका दिवशीची जुळणी टिकते आणि दुसऱ्या दिवशीची टिकत नाही.

## एक्सएमपी नेमकं काय करतं

प्रत्येक रॅम स्टिकवर एक छोटी चिप असते. त्या स्टिकने कोणत्या वेगाने आणि किती व्होल्टेजवर चालायचं, याची नोंद तिच्यात असते. जेडेक या संस्थेने ठरवलेल्या प्रमाणानुसार डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात आणि तिथला वेग बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ असतो. खोक्यावर छापलेलं ३२०० किंवा ३६०० बऱ्याचदा एक्सएमपीच्या नोंदीतून येतं, आणि त्यासाठी बहुतेक किटना १.३५ व्होल्ट लागतात.

या नोंदीत वेग, मुख्य टायमिंग आणि रॅमचं व्होल्टेज असतं. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला किती व्होल्टेज द्यायचं, सिग्नलच्या तारांना किती रोध ठेवायचा, अशा बाकीच्या बऱ्याच गोष्टी बोर्ड स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. रॅम कंपनी आपलं किट काही ठरावीक बोर्डांवर तपासते. तुमचा प्रोसेसर आणि तुमचा बोर्ड त्या तपासणीत असेलच असं नाही. रायझन ५ ५६०० ची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ३२०० आहे. चार सिंगल रँक, म्हणजे चिपांचा एकच गट असलेल्या, स्टिकना ती २९३३ वर येते आणि दोन गट असलेल्या चार ड्युअल रँक स्टिकना २६६७ वर. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, मग ते एका क्लिकवर होत असलं तरी. म्हणून ३६०० चाललं नाही तर लगेच रॅमला खराब म्हणू नका.

## पहिली तपासणी: एक्सएमपी बंद करून वापरा

हिला पैसे लागत नाहीत आणि ती निम्मं उत्तर देऊन टाकते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. आसुसच्या एएमडी बोर्डांवर ते `D.O.C.P.` नावाने दिसतं, काही बोर्डांवर `A-XMP`. सोबत प्रोसेसरच्या सेटिंगमध्येही बघा. `PBO` चालू असेल किंवा `Curve Optimizer` मध्ये उणे आकडे टाकले असतील तर तेही बंद करा. हे सांगण्याचं कारण असं की `Curve Optimizer` मध्ये व्होल्टेज जास्त उतरवलं की क्रॅश अगदी असेच, कुठेही आणि केव्हाही येतात. दोन्ही चालू ठेवून शोधत बसलात तर दोष कोणाचा ते कधीच कळणार नाही.

मग विंडोजमध्ये येऊन पॉवरशेलमध्ये खरंच वेग उतरलाय का ते बघा:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
 Select DeviceLocator, PartNumber, Speed, ConfiguredClockSpeed
```

`ConfiguredClockSpeed` म्हणजे सध्याचा वेग. `PartNumber` कडेही नीट बघा, सगळ्या स्टिकचा तोच आहे का. नंतर कामाला येईल.

आता पीसी रोजच्यासारखा वापरा, आणि नेहमी जितक्या दिवसांत क्रॅश यायचा त्याच्या दुपटीने तरी वापरा. क्रॅश पूर्ण थांबले तर दोष एक्सएमपीच्या वेगाशी जोडलेला आहे, पुढे वाचा. तरीही क्रॅश आले तर खाली ‘कुठे थांबायचं’ हा भाग आधी वाचा, कारण टायमिंग सैल करून तो दोष जाणार नाही.

या काळात महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, आणि तो एक्सएमपी बंद असतानाच घ्या. खराब मेमरीतून गेलेली फाइल डिस्कवर चुकीचीच लिहिली जाते आणि विंडोज त्याबद्दल काही सांगत नाही. असे बिघडलेले फोटो आणि हिशेबाच्या शीट मी पाहिल्यात.

## दुसरी: स्टिक बसल्यात कुठे आणि कशा

दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बोर्डावर तिथे `A2` आणि `B2` लिहिलेलं असतं. बहुतेक एएम४ बोर्डांवर तारा पहिल्या खाचेवरून पुढे दुसरीला जातात. स्टिक पहिल्या खाचेत लावली तर पुढे मोकळा राहिलेला तुकडा सिग्नल परतवतो. २४०० ला त्याने फारसं बिघडत नाही, ३६०० ला बिघडतं. एक्सएमपीशिवाय चालतं आणि एक्सएमपीला पडतं, अशी तक्रार नुसती खाच बदलून गेल्याचं अनेकदा पाहिलंय.

स्विच बंद करून, वायर काढून स्टिक बाहेर काढा. सोनेरी पट्टीवर धूळ किंवा बोटांचे डाग असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, वाळू द्या आणि दोन्ही टोकं समान दाबून बसवा. खोडरबराने घासायची आपल्याकडे फार सवय आहे, पण त्याने सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचे कण खाचेत जाऊन बसतात. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत वर्षभर न उघडलेल्या पीसीत हा संपर्काचा दोष जास्त दिसतो.

## तिसरी: बायोस अपडेट

एएम४ बोर्डांच्या बायोसमध्ये एएमडीचा एजेसा नावाचा कोड असतो. मेमरी ट्रेनिंग तोच करतो. बोर्ड जुना असून त्यावर पहिल्यापासून तोच बायोस असेल, तर नुसत्या अपडेटने एक्सएमपी स्थिर होण्याची बरीच शक्यता असते.

दोन गोष्टी मात्र आधी करा. बिटलॉकर किंवा विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा, कारण अपडेटनंतर विंडोज ती की मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला. आणि अपडेट यूपीएसवर करा, एक्सएमपी बंद असताना करा. लिहिता लिहिता वीज गेली किंवा मेमरीने चूक केली तर बोर्ड चालूच होणार नाही.

## चौथी: चाचणी, आणि ती नीट वाचणं

आता एक्सएमपी पुन्हा चालू करा. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक इथे उपयोगाचं नाही. पूर्ण मेलेली चिप ते पकडतं, काठावरचा वेग पकडत नाही. ‘विंडोजची टेस्ट पास झाली’ म्हणून रॅम सोडून बाकी सगळं बदललेली माणसं भेटतात.

आधी `Memtest86+` पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी बूट करा आणि किमान दोन पूर्ण फेऱ्या होऊ द्या. सिक्युअर बूट आड आलं तर तात्पुरतं बंद करावं लागेल, बिटलॉकरची की तेव्हाही जवळ हवी. ही चाचणी आधी घ्यायचं कारण ती विंडोजबाहेर चालते. मेमरी फार बिघडलेली असेल तर विंडोज आणि त्यातल्या फाइलींना धोका होत नाही.

इथे त्रुटी आल्या तर पडदा बंद करायची घाई करू नका. त्रुटींचा पत्ता बघा. त्याच एका पत्त्यावर, त्याच बिटवर पुन्हा पुन्हा त्रुटी येत असेल तर बहुधा त्या स्टिकमधली चिपच खराब आहे. पत्ते विखुरलेले, कुठलेही असतील तर वेग, टायमिंग किंवा व्होल्टेजचा प्रश्न. पत्ते वेगवेगळे पण बिट मात्र तोच असेल तर एखादी डेटा लाइन, म्हणजे खाच, संपर्क किंवा प्रोसेसरची पिन बघायची. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण कुठून सुरुवात करायची ते त्यावरून ठरतं.

`Memtest86+` पास झालं म्हणून थांबायचं नाही. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड तापत नाही आणि प्रोसेसरवरही पूर्ण भार नसतो. म्हणून दुसरी चाचणी विंडोजमध्ये घ्या: `TestMem5`, `anta777 Extreme` या कॉन्फिगरेशनसह, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून. ३२ जीबीला ती काही तास घेते. यात एकही त्रुटी चालत नाही. ‘तीन तासांत एकच आली’ हे पास नाही. तीच एक त्रुटी उद्या तुमच्या फाइलीत जाणार आहे.

चाचणी केव्हा घेता याला महत्त्व आहे. रॅम तापली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो आणि त्रुटी वाढतात. जानेवारीत एसी लावून रात्री पास झालेला पीसी मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला भर दुपारी पडू शकतो. म्हणून चाचणी दुपारी, एसी बंद ठेवून, केसची झाकणं लावून घ्या. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येत असेल तर शेवटी गेम चालवूनही बघा. स्टिकवर तापमानाचा सेन्सर असेल तर `HWiNFO64` मध्ये आकडा दिसतो. पन्नाशीच्या पुढे गेल्यावरच त्रुटी येत असतील तर आधी पुढचा पंखा बसवा, टायमिंगला हात लावू नका.

चाचणीनंतर विंडोजची नोंदवही बघा:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{
 LogName='System'
 ProviderName='Microsoft-Windows-WHEA-Logger'
} -MaxEvents 20
```

इथे १९ क्रमांकाच्या नोंदी ओळीने दिसल्या आणि त्यात `Bus/Interconnect Error` लिहिलेलं असेल तर रॅमपेक्षा प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक दमतोय. बायोसमध्ये त्याचा वेग `FCLK` या नावाने असतो आणि तो रॅमच्या छापील वेगाच्या निम्मा हवा: ३६०० ला १८००, ३२०० ला १६००. १८ क्रमांकाची नोंद `Cache Hierarchy Error` सह आली तर संशय प्रोसेसरच्या कोअरवर जातो, रॅमवर नाही. आणि इथे काहीच नसून इव्हेंट व्ह्यूअरच्या `System` नोंदींत नुसता `Kernel-Power` ४१ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता गेला. तो पॉवर सप्लायमुळेही जातो, यूपीएस बॅटरीवर जाताना झटका बसला तरीही जातो.

## पाचवी: वेग एक-दोन पायऱ्या खाली

टायमिंगचे वीस आकडे बदलण्याआधी वेग उतरवा. एक्सएमपी चालूच ठेवा, फक्त मेमरीचा वेग हाताने ३६०० वरून ३४६६, मग ३३३३, मग ३२०० असा आणा. टायमिंगचे आकडे मूळचेच राहू द्या.

टायमिंगचा आकडा म्हणजे किती घड्याळफेऱ्या थांबायचं ते, आणि वेग उतरला की प्रत्येक फेरी लांबते. हिशेब असा:

```
नॅनोसेकंद = 2000 × CL ÷ वेग
3600, CL18 → 10
3200, CL18 → 11.25
3200, CL16 → 10
```

म्हणजे आकडा १८ च ठेवून वेग ३२०० केला की मेमरीला मिळणारी सवड दहावरून सव्वाअकरा नॅनोसेकंद झाली. एकाच बदलात टायमिंग सैल झालं, मेमरी कंट्रोलरवरचा भार उतरला आणि फॅब्रिकचाही वेग कमी झाला. म्हणून ही पायरी इतकी परिणामकारक आहे. बरेच पीसी इथेच बरे होतात आणि रोजच्या कामात वेगाचा फरक जाणवत नाही. ३६०० चा आग्रह सोडवत नसेल तर पुढे जा, पण मी स्वतः कामाच्या पीसीला इथेच थांबवतो.

## सहावी: टायमिंग सैल करणं

`Gear Down Mode` बंद असेल तर `Enabled` करा. नाहीतर `Command Rate` `2T` करा. यात स्टिकला आज्ञा स्वीकारायला जास्त वेळ मिळतो आणि चार स्टिक असताना याचा फायदा सर्वांत जास्त दिसतो. वेगातलं नुकसान अगदी किरकोळ असतं.

त्यानंतर मुख्य चार आकडे. किट १६-१८-१८-३८ चं असेल तर १८-२०-२०-४० करून बघा. `Gear Down Mode` चालू असताना पहिला आकडा समच ठेवा, विषम टाकला तर बोर्ड तो वरच्या सम आकड्यावर नेतो. `tRFC`, म्हणजे मेमरीतला चार्ज पुन्हा भरायला दिलेला वेळ, कुणीतरी हाताने कमी केलेला असेल तर परत `Auto` वर टाका. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या किटचे आकडे उचलून भरलेले असतात तेव्हा घोळ बहुधा याच आकड्यात सापडतो, कारण तो किती लागतो हे आतल्या चिपच्या जातीवर ठरतं.

एका वेळी एकच बदल करा आणि चाचणी पुन्हा घ्या. कंटाळवाणं आहे, पण तीन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि गरज नसलेलं सैलपण कायमचं राहून जातं.

## सातवी: व्होल्टेज

इथे दोन वेगळी व्होल्टेज आहेत आणि लोक ती एकच समजतात.

`DRAM Voltage` स्टिकला जातं. १.३५ चं किट असेल तर १.३७ करून बघा, मग फार तर १.४०. तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. त्रुटी कमी झाल्या तर दिशा बरोबर आहे. वाढल्या तर लगेच मागे फिरा, कारण काही जातीच्या चिपांना १.३५ च्या पुढे व्होल्टेज दिलं की त्या उलट जास्त चुकतात, शिवाय स्टिक तापते ती वेगळीच. काही महागडी किट मुळातच १.४५ किंवा १.५ व्होल्टची असतात. ते आकडे आपल्या किटला लावायचे नाहीत.

`SoC Voltage` प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला जातं. एएम४ वर ३२०० ते ३६०० साठी १.०५ ते १.१० व्होल्ट पुरतात. `Auto` वर ते कमी पडत असेल तर हाताने १.१० ठेवा. इथेही जास्त म्हणजे चांगलं नाही. चार स्टिकना १.१० ला त्रुटी येत असताना १.०८ ला नाहीशी झालेलीही पाहिलीय. १.१५ च्या पुढे मी जात नाही, १.२ च्या पुढे कुणीच जाऊ नये.

आकडे भरल्यावर पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका. बरेच बोर्ड दोन-तीनदा स्वतः प्रयत्न करून मूळ सेटिंगवर येतात. आला नाही तर वायर काढा, बोर्डावरचा सीमॉस क्लिअरचा जंपर स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, किंवा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

## आठवी: एकेक स्टिक, आणि दोन किटची भेसळ

अजूनही त्रुटी येत असतील तर एकच स्टिक `A2` मध्ये लावून चाचणी घ्या, मग त्याच खाचेत दुसरी. एकटी असताना एकच स्टिक पडत असेल तर ती वॉरंटीत द्या. एकेकटी सगळ्या पास होतात आणि एकत्र पडतात, तर स्टिक चांगल्या आहेत, त्यांची जोडी जमत नाही.

याचं अगदी ठरलेलं उदाहरण लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाच्या पीसीत आलं. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड आणि ८ जीबीच्या दोन स्टिक, ३६०० च्या, टायमिंग १८-२२-२२-४२, व्होल्टेज १.३५. दीड वर्ष नीट चालला. मग त्याने त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक घेतल्या आणि त्या आठवड्यापासून एक्सपोर्ट मध्येच पडायला लागले. दुकानदाराने ‘सेम मॉडेल आहे, चालायलाच पाहिजे’ म्हणून परत पाठवलं होतं.

एक्सएमपी बंद केल्यावर चारही स्टिक २६६६ ला बिनचूक. `Memtest86+` एक्सएमपीलाही पास, पण `TestMem5` मध्ये वीस मिनिटांत त्रुटी. `CPU-Z` च्या `SPD` टॅबमध्ये बघितलं तर जुन्या आणि नव्या स्टिकमधल्या चिपांचा निर्माता वेगळा. मॉडेल नंबर तोच ठेवून आतल्या चिप बदलणं रॅमच्या धंद्यात नेहमीचं आहे, आणि एक्सएमपीची हमी एका खोक्यातल्या स्टिकपुरती असते. वेग ३२०० केला, आकडे तेच ठेवले. त्रुटी तासाभराने एखादी, एवढ्यावर आल्या. `Gear Down Mode` बंद होतं ते चालू केलं, `SoC Voltage` `Auto` वरून १.१० केलं. चाचणी पूर्ण पास झाली. दुसऱ्या दिवशी थंड पीसी चालू करून पुन्हा घेतली, तीही पास. रॅमचं व्होल्टेज वाढवावंच लागलं नाही. ५६०० ची चार स्टिकची अधिकृत मर्यादा २९३३ आहे हे लक्षात घेतलं तर ३२०० मिळाले हे चांगलंच झालं. एडिटिंगला ३२ जीबी हवेतच, त्यामुळे जुन्या दोन स्टिकवर ३६०० ला परत जाण्यात अर्थ नव्हता.

थंड सुरुवातीनंतर पुन्हा चाचणी घेणं सोडू नका. वर सांगितलेलं ट्रेनिंग तेव्हाच नव्याने होतं.

## डीडीआर५ असेल तर

क्रम हाच, पण फरक लक्षात ठेवा. एएमडीवर प्रोफाइलला एक्सपो म्हणतात. रॅम किंवा सेटिंग बदलल्यावर पहिल्या बूटला काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो, ते ट्रेनिंग चालू असतं, तेव्हा स्विच बंद करू नका. `Memory Context Restore` चालू असेल तर हे ट्रेनिंग पुढच्या वेळी टाळलं जातं. क्रॅश येत असतील तर ते बंद करून बघा, बूट हळू होईल पण स्थिर होऊ शकेल. रायझन ७००० ची चार स्टिकची अधिकृत मर्यादा फक्त ३६०० आहे, म्हणून डीडीआर५ मध्ये चार स्टिक घेऊच नका, मोठ्या दोन घ्या. आणि बायोस २०२३ च्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा असेल तर एक्सपो लावण्याआधी अपडेट करा. त्या वर्षी काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने `SoC Voltage` वर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती जुन्या बायोसमध्ये नाही.

## मेमरी स्थिर झाल्यावर

बिघडलेल्या काळात विंडोजच्या फाइली चुकीच्या लिहिल्या गेलेल्या असू शकतात, आणि मग मेमरी ठीक होऊनही क्रॅश येत राहतात. म्हणून चाचणी पास झाल्यानंतर, आधी नाही, अॅडमिनिस्ट्रेटर टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth
sfc /scannow
```

त्या काळात इन्स्टॉल केलेले गेम आणि सॉफ्टवेअर व्हेरिफाय करा किंवा नव्याने टाका.

## कुठे थांबायचं

एक्सएमपी बंद असूनही चाचणीत त्रुटी येत असेल तर सेटिंगशी खेळणं थांबवा. जेडेकच्या वेगाला स्टिक चुकत असेल तर ती खराब आहे, व्होल्टेज वाढवून ती चालवू नका. वॉरंटीत द्या. बऱ्याच रॅमवर दीर्घ मुदतीची वॉरंटी असते, बिल शोधा. किट असेल तर दोन्ही स्टिक द्या, नाहीतर परत येणारी एक स्टिक वेगळ्या चिपांची येईल आणि वरचीच कटकट पुन्हा सुरू होईल. स्टिक उघडू नका, हीटसिंक काढू नका, स्टिकर फाडू नका.

चांगली स्टिक एका खाचेत पास होते आणि दुसऱ्या खाचेत पडते, तर दोष बोर्डात किंवा प्रोसेसरच्या पिनांत आहे. एएम४ प्रोसेसर उचलताना कूलरला चिकटून सॉकेटमधून ओढला जातो आणि पिना वाकतात. ते सरळ करायचा हात नसेल तर तिथे जाणकार तंत्रज्ञच हवा, कारण पिन तुटली तर प्रोसेसर गेला. नव्याने कूलर बसवल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर हे आधी तपासायला सांगा.

१.४० व्होल्ट, ३२०० चा वेग आणि सैल टायमिंग एवढं करूनही त्रुटी जात नसेल तर त्यापुढे घरी व्होल्टेज वाढवू नका. पीसी मधूनच पूर्ण बंद पडून स्वतः चालू होत नसेल, जळका वास येत असेल किंवा भार आला की पॉवर सप्लाय टिकटिक करत असेल, तर रॅमचा विषय सोडा, वायर काढा आणि पॉवर सप्लाय तपासून घ्या.

दुकानात नेताना ‘हँग होतो’ एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला आणि कोणत्या व्होल्टेजला कोणती चाचणी किती वेळाने पडली, कोणती स्टिक कोणत्या खाचेत होती, हे कागदावर लिहून द्या आणि `Memtest86+` च्या लाल ओळींचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत ठेवा. तो फोटो असला की स्टिक बदलून देताना सहसा वाद होत नाही.